नकाराचं चाक: फ्रेंचमधला ‘न’ कसा गेला आणि ‘पा’ कसा आला, हे पायरी पायरीने कसं तपासायचं

भाषेत ‘नाही’ म्हणायचा शब्द कायमचा नसतो. तो हळूहळू दुबळा होतो, मग जोर यावा म्हणून लोक त्याच्या सोबतीला दुसरा एखादा शब्द लावतात, काही शतकांनी त्या सोबत्याशिवाय नकार पुरा वाटेनासा होतो, आणि शेवटी मूळ शब्दच गळून जातो न् सोबती एकटा नकार सांभाळतो. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाभ्यासकाने 1917 साली नकारावर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात त्याने हे बऱ्याच भाषांची उदाहरणं देऊन मांडलं, म्हणून 1979 मध्ये स्वीडनच्या ओस्टेन डालने या प्रकाराला येस्पर्सनचं चक्र असं नाव दिलं आणि तेच चिकटलं. खरं तर त्याआधी 1904 मध्ये ॲलन गार्डिनरने प्राचीन इजिप्तच्या भाषेत हेच घडलेलं पाहून फ्रेंचशी तुलना केली होती, आणि फ्रान्सच्या आंत्वान मेयेनेही 1912 मध्ये याबद्दल लिहिलं होतं.

व्याख्या कुठेही मिळते. मला इथे हे सांगायचंय की समोर एखादी भाषा असेल, जुने मजकूर असतील, रेकॉर्डिंग असतील, तर ती भाषा या चक्रात नेमकी कुठे आहे ते आपण स्वतः कसं तपासायचं. नमुना म्हणून फ्रेंच घेऊया कारण तिथे हजारापेक्षा जास्त वर्षांचं लिखाण आहे आणि चाक अजून आपल्या डोळ्यांसमोर फिरतंय. उदाहरणं मी उच्चाराच्या जवळपास जातील अशी देवनागरीत लिहितोय, आणि ‘न’ असं अवतरणात लिहिलं की शेवटच्या मराठीच्या भागापर्यंत तो फ्रेंचचा समजा.

पहिली पायरी: एकच साधं वाक्य घ्या आणि ते काळाच्या पट्ट्यांत मांडा

वाक्य शक्य तितकं साधं हवं. कर्ता, क्रियापद, नकार, बस. आज्ञार्थ नको, ‘कोणीच’, ‘कधीच’, ‘काहीच’ असले शब्द नकोत, कारण त्यांची गोष्ट वेगळी चालते. ‘मी म्हणत नाही’ हे येस्पर्सनचंच वाक्य घेऊ. लॅटिनमध्ये ते ‘नोन दीको’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘ज्यो न दी’. मग ‘ज्य न दी पा’, आणि हे आजही शाळेत शिकवतात, छापतात. आणि आजचा माणूस घरात, रस्त्यावर बोलतो ते ‘ज्य दी पा’. चार ओळी एकाखाली एक लिहिल्या की दिसतं, नकार क्रियापदाच्या आधी होता तो मध्ये दोन्हीकडे झाला आणि आता फक्त नंतर उरला.

पहिल्या ओळीतलाच ‘नोन’ बघा. तो लॅटिनच्या आणखी जुन्या ‘ने’ आणि ‘एक’ या अर्थाच्या शब्दाला जोडून झालेला, म्हणजे ‘एकही नाही’. तेव्हा आपण ज्याला सुरुवात म्हणतोय ती आधीच्या एका फेरीचा शेवट आहे. याच्यामुळे मी नेहमी सांगतो की ‘पहिला टप्पा’ हे नाव फक्त सोयीसाठी वापरायचं, तुमच्याकडचे मजकूर जिथून सुरू होतात तिथून मोजायचं एवढंच.

आता ही चार वाक्यं पाठ्यपुस्तकी आहेत, त्यांच्यावर थांबायचं नाही, खऱ्या मजकुरात ती सापडली पाहिजेत. फ्रेंचचा सगळ्यात जुना मानला जाणारा मजकूर म्हणजे 842 सालच्या स्ट्रासबुर्गच्या शपथा. त्यात नकार नुसता ‘नोन’ किंवा ‘नुन’, सोबतीला काही नाही. मग 1100 च्या सुमाराचं रोलांचं वीरकाव्य उघडा, सुरुवातीलाच सारागोसाच्या राजाबद्दल ‘की देउ नेन आइमेत’ असं आहे, म्हणजे जो देवावर प्रेम करत नाही. इथेही एकटा नकार. पण त्याच काव्यात पुढे ‘मी’, ‘पास’ असे सोबतीही भेटायला लागतात. म्हणजे 1100 ला दोन्ही चालत होतं, आणि आपल्याला शोधायचंय ते हेच की दोन्हींत फरक काय होता.

दुसरी पायरी: सोबती शब्द कुठून आला आणि कुठल्या क्रियापदांजवळ बसतो ते पाहा

‘पा’ म्हणजे मुळात पाऊल. ‘मी’ म्हणजे भाकरीचा तुकडा, चुरा. ‘गूत’ म्हणजे थेंब. ‘प्वँ’ म्हणजे बिंदू. सगळे कसे छोट्यात छोट्या मापाचे शब्द आहेत बघा. मूळ कल्पना अशी की एक पाऊलही चालला नाही, तुकडाही खाल्ला नाही, थेंबही प्यायला नाही. सगळ्या भाषांत माप असतंच असं नाही, ‘वस्तू, चीज’ या अर्थाचा शब्दही तेच काम करतो. वेल्शमध्ये ‘ज़िम’ असा आला, इजिप्तच्या अरबीतल्या ‘मकतब्श’, म्हणजे त्याने लिहिलं नाही, यातला शेवटचा ‘श’ हा ‘शै’ म्हणजे चीज या शब्दाचा उरलेला तुकडा, आणि इंग्रजीचं ‘नॉट’ तर ‘कधी काही चीज नाही’ अशा तीन तुकड्यांचं आकसून झालंय.

आता तपासणी अशी करायची. मजकुरातली सोबती असलेली सगळी नकारार्थी वाक्यं गोळा करा आणि प्रत्येकाचं क्रियापद एका कॉलममध्ये लिहा. पाऊल हा शब्द फक्त चालणं, जाणं, हलणं यांच्यासोबत येत असेल तर तो अजून नामच आहे, त्याला व्याकरणाचं काम मिळालेलं नाही. ज्या दिवशी तो ‘म्हणणे’, ‘असणे’, ‘प्रेम करणे’ यांच्यासोबत दिसतो, जिथे पावलाचा काही संबंधच नाही, तिथून तो नकाराचा शब्द व्हायला लागला. फ्रेंचमध्ये जुन्या जुन्या मजकुरांतच ही मर्यादा बरीचशी सुटलेली दिसते, त्यामुळे पाऊल फक्त चालण्याबरोबर असा काळ कागदावर फारसा हाती लागत नाही, आणि हे निराश व्हायचं कारण नाही, बोलण्यात झालेली गोष्ट लिखाणात उशिरा येते एवढंच त्यातून कळतं. याउलट ‘गूत’ कधी पूर्ण सुटलाच नाही, तो ‘पिणे’ आणि नंतर ‘दिसणे’, ‘ऐकू येणे’ अशा थोड्याच क्रियापदांपाशी राहिला आणि आज ‘काही दिसत नाही’ अशा एका ठरीव प्रयोगात जेमतेम जिवंत आहे.

अनेक उमेदवार असताना जिंकतो एकच. उत्तर आणि पूर्वेकडच्या जुन्या फ्रेंच मजकुरांत ‘मी’ जोरात होता, तरी प्रमाण भाषेतून तो गेला. ‘प्वँ’ बरीच शतकं ‘पा’च्या बरोबरीने चालला आणि आता पुस्तकी किंवा खेडवळ वाटतो. म्हणून कॉलम करताना सगळे सोबती एकत्र मोजू नका, प्रत्येकाचा वेगळा आकडा ठेवा, नाहीतर चढणारा आणि उतरणारा एकमेकांना झाकून टाकतात.

तिसरी पायरी: जोर अजून शिल्लक आहे का?

ही सगळ्यात अवघड पायरी आहे आणि मला सगळ्यात आवडती. शब्द सगळ्या क्रियापदांबरोबर बसतो म्हणून तो साधा नकार झाला असं नाही, तो जोरदार नकार असू शकतो. जोर कानाने ऐकू येत नाही, आठशे वर्षांपूर्वीच्या कागदावर तर नाहीच नाही, मग ओळखायचा कसा?

मराठीतून समजून घ्या. सकाळी उठून कोणी काही विचारलेलं नसताना मी म्हणू शकतो ‘आज दूधवाला आला नाही’. पण ‘आज दूधवाला आलाच नाही’ म्हणालो की ऐकणाऱ्याला कळतं, तो येईल असं आधी कुणीतरी धरून चाललं होतं. जोरदार नकाराला आधी काहीतरी लागतं, कुणाचा दावा, अपेक्षा, भीती, ज्याला तो खोडून काढतो. साध्या नकाराला तसं काही लागत नाही. तर आता मजकुरात प्रत्येक नकाराच्या आधीच्या पाच-दहा ओळी वाचायच्या आणि एवढंच लिहायचं, नाकारलेली गोष्ट आधी कुणी बोललं किंवा गृहीत धरलं होतं का, हो की नाही. मध्ययुगीन फ्रेंचवर असं काम झालंय आणि त्यातून दिसतं ते असं की ‘पा’ आणि ‘मी’ असलेले नकार बहुतेक वेळा आधीच हवेत असलेल्या गोष्टीला खोडायला येतात, आणि अगदी कोरी नवी माहिती देताना नुसता ‘न’ पुरतो. पुढच्या शतकांत ही अट सैल होत जाते आणि ‘पा’ कुठेही यायला लागतो, तिथे जोर संपला असं समजायचं.

जोर का संपतो? इथे दोन मतं आहेत. येस्पर्सनचं म्हणणं की आधी जुना शब्द उच्चारात झिजला, ‘नोन’चा ‘न’ झाला, पुढे स्वर आला की तर फक्त एक व्यंजन उरायचं, ऐकूच यायचं नाही, म्हणून लोकांना मदतीचा शब्द लागला. दुसरं मत असं की झीज नंतरची, आधी लोकांनी प्रत्येक नकार ठासून सांगायच्या हौसेने सोबती वापरला, आणि नोटा जास्त छापल्या की रुपयाची किंमत उतरते तसा जोराचा शब्द रोजचा झाला की त्याचा जोर उतरतो. माझं स्वतःचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, कारण ‘पा’ आला तेव्हा ‘न’ एकटा नकार सांभाळत होताच, आणि सोबती आल्यावरही कित्येक शतकं सांभाळत राहिला. नुसती झीज हेच कारण असतं तर इतकी वर्षं दोन्ही एकत्र चालायचं कारण नव्हतं.

एक खड्डा इथे सांगून ठेवतो. जुनं लिखाण बहुतेक पद्यात आहे, आणि पद्यात एक मात्रा भरायला किंवा यमक जुळवायला कवी ‘मी’ किंवा ‘पा’ टाकू शकतो. ओळीच्या शेवटी आलेले सोबती वेगळे खुणावून ठेवा, आणि गद्य मिळालं तर त्याचा आकडा जास्त भरवशाचा धरा.

चौथी पायरी: जुना शब्द कधी गळतो ते मोजा

साधारण सतराव्या शतकापर्यंत ‘न’ आणि ‘पा’ जोडीने येणं हा नियम होऊन बसला होता. पण गळतीही तेव्हाच दिसायला लागते, आणि ती आधी प्रश्नांत दिसते. व्होज्ला या व्याकरणकाराने 1647 मध्ये नोंदवलंय की ‘त्यांनी केलं नाही का’ अशा प्रश्नात ‘न’ ठेवला काय न् गाळला काय, दोन्ही चालतं. साध्या विधानातली गळती लिखाणात फार उशिरा पोचली, कारण शाळा आणि छापखाना दोन्ही ‘न’ धरून बसले. म्हणून या पायरीला लिखाणावर अजिबात विसंबू नका, बोललेलं रेकॉर्डिंगच घ्या.

आकडे किती हलतात ते बघा. फ्रान्समधल्या तूर शहरातल्या मुलाखतींत 1976 साली ‘न’ ठेवण्याचं प्रमाण साधारण 37 टक्के होतं, तिथेच 1995 मध्ये परत रेकॉर्डिंग केलं तेव्हा ते 18 टक्क्यांवर आलं होतं. आणि कॅनडात मॉन्ट्रियलच्या बोलण्यात 1971 च्या रेकॉर्डिंगमध्येच ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास होतं, म्हणजे तिथे ‘न’ जवळपास संपलेला. भाषा एक, पण चाक दोन गावांत दोन जागी.

आता मोजणी प्रत्यक्ष कशी करायची ते आठ वाक्यांवर दाखवतो. ही वाक्यं मी नमुन्यासाठी केलेली आहेत, पण कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये अशीच मिळतील.

1. ज्य से पा (मला माहीत नाही)
2. मों पेर न मांज पा द व्यांद (बाबा मटण-मांस खात नाहीत)
3. ओं ना पा फिनी (आमचं झालं नाही)
4. इल व्यँ जामे (तो कधीच येत नाही)
5. पा केस्त्यों (प्रश्नच नाही)
6. ज्य ने कँ उरो (माझ्याकडे एकच युरो आहे)
7. से पा व्रे (खरं नाही)
8. जे पर किल न व्येन (तो येईल अशी भीती वाटते)

पाचवं आधी काढून टाका, त्यात क्रियापदच नाही, तिथे ‘न’ यायला जागाच नव्हती. सहाव्यात ‘न’ आहे पण वाक्य नकारार्थी नाही, तो ‘फक्त’ या अर्थाच्या जोडीतला आहे, काढा. आठव्यातही ‘न’ आहे पण अर्थ ‘येईल’ असाच आहे, भीतीच्या वाक्यातला हा रिकामा ‘न’, तोही काढा. चौथा ठेवा पण वेगळ्या कॉलमला, कारण ‘जामे’ सारख्या शब्दांबरोबर गळतीचा वेग ‘पा’ पेक्षा वेगळा असू शकतो. आणि तिसरं हे खरं फसवं. ‘ओं’ या कर्त्यानंतर स्वर आला की मध्ये ‘न्’ हा आवाज आपोआप जोडला जातो, मग त्यात ‘न’ नकार आहे की नाही हे कानाला कळणं शक्यच नाही, दोन्ही अगदी सारखे ऐकू येतात. अशी वाक्यं मोजणीतून सरळ बाहेर ठेवायची. लिहून काढणाऱ्याने तिथे नकाराचं स्पेलिंग टाकलं असेल तर ते त्याच्या शाळेचं आहे, बोलणाऱ्याचं नव्हे.

उरली तीन, पहिलं, दुसरं आणि सातवं. त्यात ‘न’ एकात आहे, तीनपैकी एक. तीनवरून टक्केवारी काढायची नसते हे उघड आहे, एका बोलणाऱ्याची निदान शंभरेक वाक्यं तरी हवीत, पण कुठे आहे तेही बघा: जिथे कर्ता पूर्ण नाम आहे, ‘मों पेर’, तिथे राहिलाय. जिथे कर्ता छोटं सर्वनाम आहे तिथे गेलाय. मोठ्या रेकॉर्डिंगमध्येही हाच कल दिसतो, आणि ‘माहीत नाही’, ‘खरं नाही’, ‘नसतं’ अशी सारखी तोंडात असलेली वाक्यं सगळ्यात पुढे असतात, पहिलं वाक्य तर भरभर बोलताना ‘शेपा’ एवढंच उरतं. म्हणून कर्त्याचा कॉलम आणि ठरीव प्रयोगांचा कॉलम सुरुवातीपासूनच ठेवा, नंतर सगळं परत ऐकायला लागतं.

‘न’ गळाल्यावर दुसरीकडे काय बिघडतं तेही पाहण्यासारखं आहे. ‘प्लू’ या शब्दाचा अर्थ ‘आणखी’ही होतो आणि नकारात ‘आता नको, आता नाही’ही होतो. ‘न’ होता तेव्हा गोंधळ नव्हता. तो गेल्यावर ‘जां व प्लूस’ म्हणजे अजून हवंय आणि ‘जां व प्लू’ म्हणजे आता नको, एका ‘स’ वर सगळा भार.

पाचवी पायरी: मागे काय उरलं ते शोधा

जुना नकार एकदम सगळीकडून जात नाही, कोपऱ्यात राहतो, आणि हे कोपरे आधी काय होतं त्याचा पुरावा असतात. फ्रेंचमध्ये ‘शकणे’, ‘धजणे’, ‘थांबणे’, ‘माहीत असणे’ या क्रियापदांबरोबर आजही लिखाणात नुसता ‘न’ चालतो, ‘पा’ लागत नाही. ही जुन्या एकट्या नकाराची शिल्लक. वेल्शमध्ये तर आणखी सुंदर प्रकार आहे, बोलताना आधीचा ‘नि’ हा नकार उच्चारतच नाहीत, पण त्याच्यामुळे क्रियापदाच्या पहिल्या व्यंजनात होणारा बदल तसाच राहतो, म्हणजे शब्द गेला न् त्याची खूण राहिली.

सहावी पायरी: आपल्या भाषेला लावून पाहा

मराठीत सोबती शब्दांची कमी नाही. तसूभर, काडीचा, कणभर, तीळमात्र, अजिबात, मुळीच. तसू हे लांबीचं जुनं माप, म्हणजे तो ‘पा’च्याच जातीचा. दुसऱ्या पायरीची परीक्षा घ्या: ‘तसूभरही मागे हटला नाही’ इथे लांबीचा संबंध आहे, पण ‘मला तसूभरही शंका नाही’ इथे नाही, म्हणजे शब्द आपल्या मूळ जागेतून सुटलाय, पास. तिसऱ्या पायरीला मात्र अडतो, कुठलीही पार्श्वभूमी नसताना ‘आज तसूभर पाऊस पडला नाही’ कोणी सहज बोलत नाही. आणि चौथ्याचा प्रश्नच येत नाही, ‘नाही’ काढला तर वाक्य पडतं.

मग ‘त्याला डोंबल कळतंय’ याचं काय, इथे तर ‘नाही’ नसूनही नकार आहे? हे चौथ्या टप्प्यासारखं दिसतं पण नाही. ‘डोंबल’ फक्त उखडून बोलतानाच येतो, ‘दुकान आज डोंबल उघडं आहे’ असं साधी माहिती म्हणून सांगता येत नाही, आणि ‘नाही’ बरोबर जोडीने चालायचा मधला टप्पाही त्याने काढलेला नाही. जोडीचा काळ नसेल तर ते हे चक्र नव्हे.

मराठीत खरा बदल झालाय तो वेगळ्या वाटेने. जुना ‘न’ क्रियापदाच्या आधी यायचा, तो आता ‘न बोलता’, ‘न आल्यास’, ‘न जाणो’ अशा कोपऱ्यांत आहे. मुख्य काम ‘नाही’कडे आहे, आणि ‘नाही’ला ‘नाहीस’, ‘नाहीत’ असे प्रत्यय लागतात, म्हणजे तो क्रियापदासारखा वागतो: ‘घरात पाणी नाही’ मधला ‘अस्तित्व नसणे’ सांगणारा शब्दच ‘तो जात नाही’ मध्ये साधा नकार झालाय. याचं वेगळं चक्र विल्यम क्रॉफ्टने 1991 मध्ये मांडलं. तेव्हा तुमच्या भाषेत नवा नकार दिसला की आधी विचारायचं, तो सोबत्यातून आला की ‘नसणे’ मधून, कारण दोन्हींचे पुरावे वेगळ्या जागी शोधावे लागतात.

आणि फ्रेंच संपली तिथे गोष्ट संपत नाही. फ्रेंचमधून निघालेल्या क्रिओल भाषांत ‘पा’ क्रियापदाच्या आधी जाऊन बसलाय. हैतीत ‘म्वें पा कोनें’, मॉरिशसमध्ये ‘मो पा कोने’, दोन्हींचा अर्थ ‘मला माहीत नाही’. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि आसपासच्या भागातून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज घरात बहुतेक हीच क्रिओल बोलतात. पाऊल या अर्थाचा शब्द तिथे क्रियापदाच्या आधीचा एकटा नकार आहे, म्हणजे 1100 मध्ये फ्रेंचचा ‘न’ जिथे होता नेमका तिथे, आणि पुढची मोजणी तिथून सुरू करता येईल.